तवंगाचं माप

१८९१ सालच्या जानेवारीत इंग्लंडमधले मोठे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरातून एक पत्र आलं. त्यावर १० जानेवारी ही तारीख होती आणि ते जर्मन भाषेत होतं. लिहिणाऱ्या बाईंचं नाव रॅले यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. बाईंनी आधी त्रास दिल्याबद्दल क्षमा मागितली होती. पाण्याच्या पृष्ठभागाविषयी आपली काही निरीक्षणं आहेत, पण काही कारणांमुळे ती शास्त्रीय नियतकालिकांत छापणं आपल्याला शक्य नाही, म्हणून ती तुम्हाला कळवते, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यापुढे सगळी मापं आणि त्यांचे निष्कर्ष होते.

रॅले यांच्या पत्नीने पत्राचं इंग्रजी भाषांतर केलं. रॅले यांनी ते बारकाईने वाचलं आणि मार्चच्या सुरुवातीला 'नेचर' या साप्ताहिकाच्या संपादकांकडे पाठवलं. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी कळवलं की, एका जर्मन बाईंनी अगदी घरगुती साधनं वापरून मोलाचे निष्कर्ष काढले आहेत, त्यांना जागा द्यावी. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते पत्र छापून आलं. लिहिणाऱ्या होत्या आग्नेस पॉकेल्स. पत्र लिहिताना वय अठ्ठावीस, शिक्षण मुलींच्या शाळेपुरतं, आणि रोजचं काम आजारी आईवडिलांची शुश्रूषा, स्वयंपाक आणि भांडी.

साबण ओशटपणा कसा काढतो हे समजण्याचा रस्ता या बाईंच्या भांड्यांच्या पाण्यातून गेला, असं मी मानतो. साबणाच्या इतिहासात नाव घेतलं जातं ते बहुधा कारखानदारांचं आणि रसायनशास्त्रज्ञांचं. त्यांचं काम मोठंच आहे, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

साबण म्हणजे नेमकं काय, हे तोवर पक्कं ठाऊक झालेलं होतं. पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात मिशेल शेव्रल या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १८११ च्या सुमारास डुकराच्या चरबीपासून केलेल्या साबणाचं पृथक्करण सुरू केलं आणि १८२३ मध्ये त्यावर एक ग्रंथ लिहिला. चरबी असो वा तेल, त्यात मेदाम्लं ग्लिसरीनला जोडलेली असतात. कॉस्टिक सोड्यासारख्या अल्कलीबरोबर उकळलं की ती जोडणी तुटते, ग्लिसरीन सुटं होतं आणि मेदाम्लाचा सोडियमशी संयोग होऊन क्षार बनतो. हा क्षार म्हणजेच साबण. शेव्रलच्या या कामामुळे साबणवाल्यांना आपण काय करतो आहोत हे कळलं. पण हाच क्षार ताटावरचं तूप का सोडवतो आणि स्वयंपाकातलं मीठ का सोडवत नाही, हे रासायनिक सूत्रातून कळत नव्हतं. त्यासाठी पाण्याकडे पाहायला हवं होतं, आणि तेही पाण्याच्या अगदी वरच्या थराकडे.

आग्नेस पॉकेल्स यांचा जन्म १८६२ मध्ये व्हेनिसचा. ते शहर तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं आणि वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. उत्तर इटलीच्या दलदलीत हिवतापाने घर पोखरलं, वडिलांना वेळेआधीच निवृत्त व्हावं लागलं, आणि १८७१ मध्ये कुटुंब ब्राउनश्वाइगला येऊन स्थायिक झालं. आग्नेसना भौतिकशास्त्राची ओढ होती, पण विद्यापीठं तेव्हा मुलींना दार उघडत नव्हती. धाकटा भाऊ फ्रीडरिश ग्यॉटिंगेनला शिकायला गेला. तो बहिणीला पाठ्यपुस्तकं आणि नियतकालिकं पुरवत राहिला. पुढे तो स्वतः नामांकित भौतिकशास्त्रज्ञ झाला. बहिणीचं शिक्षण त्याच्या टपालातून झालं.

१८८० नंतरच्या एकदोन वर्षांत, विशीच्या आसपास, आग्नेस यांचं लक्ष भांडी धुण्याच्या पाण्याकडे वेधलं गेलं. खरकट्या पाण्यावर तवंग येतो, बोट लावलं की तो सरकतो, साबणाचा अंश पडला की सगळा पसारा झटक्यात काठाकडे पळतो. हे प्रत्येक मोरीत दिसतं. आग्नेस यांनी पाहण्याबरोबर मोजायला घेतलं. हे माणूस वेगळं होतं, हे या एका गोष्टीवरून ओळखावं.

त्यांनी पत्र्याचं एक उथळ पात्र घेतलं, ७० सेंटीमीटर लांब, ५ सेंटीमीटर रुंद आणि २ सेंटीमीटर उंच. ते काठोकाठ पाण्याने भरलं. त्यावर आडवी, जेमतेम दीड सेंटीमीटर रुंदीची पत्र्याची एक पट्टी ठेवली. पट्टीचा तळ पाण्याला टेकलेला, त्यामुळे खालचं पाणी एकच असलं तरी पृष्ठभागाचे मात्र दोन भाग झाले. पट्टी डावीउजवीकडे सरकवली की एका बाजूचा पृष्ठभाग आकसतो आणि दुसऱ्या बाजूचा पसरतो. किती, ते बाजूच्या मोजपट्टीवर वाचायचं. शिवाय औषधं तोलायचा एक जुना तराजू. त्याला ६ मिलिमीटर व्यासाची एक छोटी चकती लटकवलेली. चकती पाण्यावर टेकवायची आणि ती सुटून वर येण्यासाठी किती वजन लागतं ते पाहायचं. पाणी चकतीला जितकं ओढून धरतं, तितका त्याचा पृष्ठताण जास्त.

पृष्ठताण ही गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी, कारण ओशट ताट साध्या पाण्याने का निघत नाही याचं मूळ तिच्यात आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना जोरात ओढून धरतात. आतल्या रेणूला चहूकडून ओढ असते. पृष्ठभागावरच्या रेणूला वरून ओढणारं कुणी नसतं, म्हणून तो आत खेचला जातो आणि पाणी आपला पृष्ठभाग शक्य तितका लहान ठेवू पाहतं. तेलाच्या रेणूंशी पाण्याची अशी जवळीक होत नाही. त्यामुळे तेलकट ताटावर पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन घरंगळतं. तेलाच्या थराखाली शिरून त्याला उचलायचं, तर पाण्याला तेलाबरोबर नवा पृष्ठभाग निर्माण करावा लागेल, आणि पाणी नेमकं तेच टाळतं. हात कितीही घासले तरी तूप फक्त इकडून तिकडे सरकतं.

आग्नेस यांच्या पात्रात काय दिसलं? पृष्ठभाग स्वच्छ असेल तर पट्टी कुठेही सरकवा, चकती सोडवायला लागणारं वजन तेच राहतं. पण पृष्ठभागावर ओशटाचा अगदी अंशमात्र थर असेल, तर गोष्ट बदलते. पट्टी सरकवत जागा कमी करत गेलं, की बराच वेळ काहीच होत नाही. मग एका ठराविक जागेपासून पृष्ठताण एकदम उतरू लागतो. पट्टी मागे घेतली की तो पुन्हा पहिल्यासारखा होतो. म्हणजे ओशट पदार्थ पाण्यात विरघळलेला नव्हता. तो वरच पसरलेला होता आणि पट्टीने त्याला एका कोपऱ्यात गोळा करता येत होतं.

या कामात सगळ्यात अवघड भाग स्वच्छता हाच होता. हवेतून काहीतरी पडतं, पात्राच्या भिंतीवरून काहीतरी उतरतं, बोट लागलं तरी माप बिघडतं. आग्नेस यांनी त्यावरही पट्टीचाच उपयोग केला. पट्टी एका टोकापासून पुढे ढकलत नेली की पृष्ठभागावरचा मळ तिच्यापुढे गोळा होतो आणि मागे उघडं पडतं ते ताजं पाणी. पृष्ठताण पूर्ण भरला आणि जागा बदलूनही हलला नाही, तर पृष्ठभाग स्वच्छ, ही त्यांची कसोटी. पुढे त्यांनी चरबीचे पदार्थ बेंझीनमध्ये विरघळवून त्याचे थेंब पाण्यावर सोडायला सुरुवात केली. बेंझीन उडून जातं आणि ठाऊक असलेल्या वजनाचा पदार्थ मागे राहतो. आजच्या प्रयोगशाळांतही हे असंच करतात.

रॅले स्वतः आदल्या वर्षी याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला होते. स्वच्छ पाण्यावर कापराचा तुकडा टाकला तर तो गरगर फिरू लागतो. देवघरातला कापूर वाटीभर पाण्यात टाकून हे कुणीही पाहावं. बोटाला लागलेल्या तेलाचा अंश त्या पाण्याला लागला की कापूर थबकतो. रॅले यांनी ८४ सेंटीमीटर व्यासाचा अंघोळीचा टब घेऊन त्यातला कापूर थांबवायला किती ऑलिव्ह तेल लागतं ते मोजलं. उत्तर आलं एका मिलिग्रॅमहून कमी, सुमारे ०.८ मिलिग्रॅम. एवढं तेल एवढ्या पाण्यावर सारखं पसरलं, तर थराची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपटीहून थोडी जास्त भरते. रॅले यांच्या या कामाची बातमी वाचूनच आग्नेस यांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. हातात जवळजवळ दहा वर्षांची मापं होती आणि ती ऐकून घेणारं माणूस अखेर सापडलं होतं.

पुढे १८९९ मध्ये रॅले यांनी आग्नेस यांच्या त्या ठराविक जागेचा अर्थ लावला. पृष्ठताण जिथून उतरू लागतो, तिथे तेलाचे रेणू एकमेकांना टेकलेले असतात आणि थर एकाच रेणूच्या जाडीचा असतो. त्याआधी ते सुटे सुटे असतात, म्हणून पाण्याला त्यांची फारशी दखल घ्यावी लागत नाही. रेणू खरोखर असतात का यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे वाद चालू असताना, स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या पात्रात रेणूची जाडी मोजण्याची सोय झालेली होती.

उरलेला दुवा अमेरिकेत जुळला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या स्केनेक्टडी इथल्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्युअर याने १९१७ मध्ये वेगवेगळी मेदाम्लं पाण्यावर पसरून मोजली. पामिटिक आम्लाच्या रेणूत १६ कार्बन, स्टिअरिकमध्ये १८, सेरोटिकमध्ये २६. साखळी लांब होत जाते, तशी रेणूची जागाही वाढायला हवी. तशी ती वाढत नव्हती. तिन्ही रेणू पाण्यावर जवळजवळ सारखीच जागा व्यापत होते, फक्त थर जाड होत होता. याचा एकच अर्थ निघतो. रेणू पाण्यावर आडवे पडलेले नाहीत, उभे आहेत. ज्या टोकाला ऑक्सिजन आहे ते पाण्यात रोवलेलं, आणि कार्बन-हायड्रोजनची लांब शेपटी पाण्याबाहेर, शेतातल्या रोपांसारखी दाटीवाटीने उभी.

शेव्रलने सांगितलेला साबण हा याच मेदाम्लांचा क्षार. त्याच्या डोक्याशी सोडियम असतो. पाण्यात गेल्यावर तो सुटून जातो, आणि उरलेल्या डोक्यावर ऋण विद्युतभार राहतो. त्यामुळे ते डोकं पाण्याला मेदाम्लाच्या डोक्याहूनही जास्त ओढ घेतं. शेपटी मात्र तेलाच्याच जातीची. साबणाचा रेणू पाण्यात सुखाने राहत नाही आणि तेलातही नाही. त्याला खरी जागा मिळते ती दोघांच्या सीमेवर. तिथे तो शेपटी तेलात आणि डोकं पाण्यात ठेवून उभा राहतो, आणि पाण्याला तेलाबरोबर पृष्ठभाग वाढवायला जी किंमत मोजावी लागत होती ती फार खाली येते. साध्या पाण्याचा पृष्ठताण सेंटीमीटरमागे सुमारे ७२ डाइन असतो. थोडा साबण पडला की तो तिसाच्या आसपास किंवा त्याखाली येतो. आग्नेस यांच्या चकतीने पात्रातल्या पाण्यावर अशीच उतरण टिपली होती.

साबणाचं पाणी थोडं दाट झालं की आणखी एक गोष्ट घडते. ब्रिस्टल विद्यापीठात जेम्स मॅकबेन याला एक विसंगती सापडली होती. दाट साबणाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणजे त्यात भारित कण भरपूर असावेत. पण कणांची संख्या सांगणारी दुसरी मापं घेतली तर ती फारच थोडी भरते. १९१३ मध्ये त्याने सुचवलं की साबणाचे रेणू पाण्यात सुटे न राहता घोळक्याने एकत्र येतात. शेपट्या आत आणि डोकी बाहेर असलेल्या या घोळक्यांना मायसेल म्हणतात. सीमेवर जागा उरली नाही की उरलेले रेणू असे गोळा होतात.

शाळेच्या पुस्तकांत साबणाचं चित्र काढतात ते याच मायसेलचं. मध्ये तेलाचा थेंब, भोवती साबणाचे रेणू, आणि हा चेंडू पाण्याबरोबर वाहून जातो. चित्र खोटं नाही, पण ताटावरच्या तेलाबद्दल ते अर्धवट आहे. मायसेलचा व्यास मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या चारपाच पट असतो. ताटावरून सुटणारा तेलाचा थेंब त्याच्या हजारो पट मोठा असतो. मायसेल आपल्या पोटात थोडं तेल घेतात आणि सीमेवर साबण कमी पडला तर पुरवतात. तेल उचलण्याचं मुख्य काम मात्र सीमेवर उभ्या असलेल्या रेणूंचं आहे.

फेसाबद्दलही एक गैरसमज आहे. फेस ओशट काढत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर वाटून उरेल इतका साबण शिल्लक आहे, याची ती खूण असते. तेलकट भांड्यांवर फेस येऊन लगेच बसला, तर साबणाचे रेणू तेलाच्या सीमांवर खर्ची पडले असं समजावं. तेव्हा साबण आणखी लागतो.

साबण हरतो तो जड पाण्यापुढे. आपल्याकडे दख्खनच्या पठारावर विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, कपड्यांवर पांढरट चिकट किटण बसतं, अंघोळीनंतर अंग खरबरीत लागतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या रेणूची डोकी दोन दोन करून बांधून टाकतात. तयार होणारा क्षार पाण्यात विरघळत नाही. पाण्यातलं सगळं कॅल्शियम असं संपेपर्यंत पडलेला प्रत्येक साबण वाया जातो, आणि नंतरचाच कामाला येतो. लिंबू किंवा चिंच लावून भांडी घासली आणि त्यावरच साबण लावला, तरी तो कमी पडतो. आम्लात साबणाचं पुन्हा मेदाम्ल होतं, आणि मेदाम्ल स्वतःच ओशट असतं. आधी पाण्याने आंबट धुऊन काढावं, मग साबण लावावा. जुन्या घरांतली चुलीची राख वेगळ्या वाटेने काम करायची. राखेतल्या अल्कलीमुळे तुपातली सुटी मेदाम्लं जागच्या जागी साबण होत, आणि बाकीचं काम राखेच्या घर्षणाने भागायचं.

जड पाण्यावर तोड निघाली ती जर्मनीत. पहिल्या महायुद्धात तिथे चरबीचा तुटवडा पडला आणि रसायनशास्त्रज्ञ चरबीविना धुणारे पदार्थ शोधू लागले. १९३२ मध्ये केम्निट्झच्या ब्योमे फेटकेमी कंपनीने 'फेवा' नावाची पावडर बाजारात आणली. तिच्या रेणूला शेपटी साबणासारखीच होती, पण डोकं गंधकाच्या आम्लाचं. या डोक्याला कॅल्शियम भेटलं तरी रेणू पाण्यात विरघळलेलाच राहतो. आज भांड्यांसाठी वापरतो त्या बहुतेक बार आणि जेलमधले रेणू याच घराण्यातले.

त्याच १९३२ साली ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने आग्नेस पॉकेल्स यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. त्या सत्तर वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी लँगम्युअरला पृष्ठभागांवरच्या रसायनाबद्दल नोबेल मिळालं. ज्या पात्रावर त्याने मापं घेतली त्याला पुढे त्याचंच नाव पडलं, जरी सरकती पट्टी ब्राउनश्वाइगच्या स्वयंपाकघरात आधी फिरलेली होती. आग्नेस यांनी मधल्या काळात आणखी लेख प्रसिद्ध केले होते. पण आईवडिलांची सेवा वाढत गेली, १९१३ मध्ये पाठीशी उभा असलेला भाऊ गेला, मग युद्ध आलं आणि परदेशी नियतकालिकं मिळेनाशी झाली. १९३५ मध्ये त्या वारल्या. त्यांना हा मान उशिरा मिळाला, फार उशिरा, याचं मला वाईट वाटतं.

तेल प्रत्यक्ष कसं सुटतं, हे १९३७ मध्ये एन. के. अ‍ॅडम या इंग्लिश शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिलं. त्याने लोकरीच्या तंतूवर चरबीचा थर दिला आणि तो धुणाऱ्या पदार्थाच्या पाण्यात ठेवला. थर विरघळला नाही. त्याच्या कडेकडेने पाणी तंतूला भिडत आत सरकू लागलं. पसरलेला थर आकसला, त्याचे गोल थेंब झाले, थेंबांची तंतूवरची पकड अरुंद होत गेली, आणि पाण्याच्या जराशा हालचालीने ते सुटले. ताटावर हेच होतं. फरक इतकाच की तिथे पाणी हलवायचं काम घासणी करते. सुटलेल्या थेंबाभोवती साबणाची ऋणभारित डोकी असतात. सारख्या भारामुळे थेंब एकमेकांपासून दूर राहतात, पुन्हा ताटाला चिकटत नाहीत, आणि खळबळून धुतलं की वाहून जातात. त्वचेवरही क्रम तोच आहे, पण तिथे साबण बाहेरचा मळ आणि त्वचेचं स्वतःचं तेल यांत भेद करत नाही. म्हणून वारंवार साबण लावलेले हात कोरडे पडतात.

थर आकसून थेंब होण्यासाठी तो मुळात पातळ असायला हवा. गोठलेलं तूप किंवा वनस्पती कडेने आकसत नाही, त्यामुळे थंड पाण्यात कितीही साबण ओतला तरी ते जागेवरच राहतं. थंडीच्या दिवसांत तुपाचं भांडं घासायचं असेल, तर तूप वितळेल इतकं गरम पाणी आधी घ्यावं, साबण त्यात सोडावा आणि क्षणभर थांबावं. कडेने पाणी आत शिरायला तेवढा वेळ लागतो.